वीज गेल्यावर दार

कोंढव्यातल्या आमच्या फाटकाला मी चुंबकी कुलूप बसवलं होतं. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, रात्री बॅटरीही संपली आणि फाटक मोकळं झालं. कुलूप बिघडलं नव्हतं, निवड माझी चुकली होती. चुंबक वीज असेपर्यंतच दार धरतं. याला ‘फेल-सेफ’ म्हणतात. ते सतत साधारण अर्धा अँपिअर खातं, म्हणून 7 अँपिअर-तासांची बॅटरी नवी असली तरी जेमतेम 12 तास पुरते. ‘फेल-सिक्युअर’ला वीज फक्त उघडताना लागते, ती गेली तरी दार बाहेरून बंदच राहतं. फाटकाला आता तेच आहे, सोबत किल्लीही.

मग भाईजान म्हणाले, “अम्मीच्या खोलीलाही तेच लावू.” मी अडवलं. काही फेल-सिक्युअर कुलपांना आतून नुसतं विजेचं बटण असतं. आग लागून वीज गेली तर अम्मी आतच अडकेल. खोलीला आतून हाताने फिरणारी मूठ हवीच.

मिस्त्रीचे पैसे चुकवण्याआधी मेन स्विच बंद करा, बॅटरीची तार काढा आणि आत उभं राहून दार उघडून पाहा. बाहेर कुणाला तरी किल्ली देऊन उभं करा.