आशाताईची टेप

पिवळा रंग, दीडशे सेंटिमीटर लांबी, बोटाएवढी रुंदी आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, घरोघर जाणाऱ्या आशाताईच्या पिशवीत फॉर्म आणि गोळ्यांच्या पाकिटांच्या मधे ती गुंडाळून पडलेली असते. शिंप्याच्या गळ्यात जी असते, तीच ही. पिशवीतल्या सगळ्या सामानात माझा सगळ्यांत जास्त भरवसा हिच्यावर आहे.

हिचा स्वभाव हळू आणि जवळिकीचा. वजनकाटा लांबून काम करतो. माणूस त्यावर उभा राहतो, आकडा दिसतो आणि संपलं. टेपेला माणसाच्या जवळ जावं लागतं, पाठीमागून वळसा घ्यावा लागतो, कपडे सैल करायला सांगावं लागतं. म्हणून तिची भीड वाटते. पुरुष पोट आत ओढतात, बायका पदर घट्ट धरतात. आशाताई म्हणते, “दादा, श्वास धरू नका, सोडा,” आणि दादा श्वास सोडतात. श्वास सहज सोडून झाला की पोट जिथं थांबतं, तिथलाच आकडा टेप खरा मानते.

तिच्या आधीपासून वहीत आणखी एक पाहुणा बसलेला आहे, बीएमआय. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, एवढाच त्याचा हिशेब. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती केटले यांनी १८३०च्या दशकात तो मांडला. त्यांना एखाद्या माणसाची तब्येत तपासायची नव्हती. मोठ्या लोकसंख्येत माणसाची उंची आणि वजन एकमेकांशी कसं वागतात, याचा नियम ते शोधत होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं आणि पुढे तो दवाखान्यात येऊन बसला. गावभराचा, तालुक्याचा, राज्याचा अंदाज घ्यायला तो आजही चांगला आहे. साडेअठराच्या खाली आलेलं माणूस कुपोषित असण्याची शक्यता तो चटकन दाखवतो, आणि ते काम टेपेला जमत नाही. पण समोर उभ्या असलेल्या एका माणसाबद्दल बोलायची वेळ आली की तो अडखळतो. साठ किलोत हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी नेमकी बसली आहे कुठे, हे त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही.

तालमीतला पैलवान घ्या. २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती अहिल्यानगरलाच झाली, तेव्हा लाल मातीतली आणि मॅटवरची अशी अंगं नगरकरांनी जवळून पाहिली. समजा, पैलवानाची उंची १७५ सेंटिमीटर आणि वजन ९२ किलो. बीएमआय ३० भरतो, म्हणजे सरळ लठ्ठ. टेप लावली तर कंबर ८६. वजन मांड्यांत, खांद्यांत आणि पाठीत आहे, पोटात नाही. कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर पाच-सात वर्षांत त्याच माणसाचं वजन तेवढंच राहून कंबर शंभरावर जाऊ शकते. बीएमआयच्या रकान्यात तेव्हाही तीसच लिहिलेलं असेल.

आपल्याकडे मात्र पैलवानाच्या उलट माणसं जास्त दिसतात. हातापायाच्या काड्या, गाल बसलेले, आणि सदऱ्याखाली पोट तेवढं पुढे आलेलं. अशा माणसाला कुणी लठ्ठ म्हणत नाही. उलट “दादांचं जरा सुखाचं पोट सुटलंय” असं कौतुकाने म्हणतात. या देहयष्टीवर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर काम केलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तेव्हा यडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. यडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हा फरक त्यात आहेच. तरीही एकाच आकड्याखाली दुपटीहून जास्त चरबी लपू शकते, हे त्या एका पानावर कुणालाही दिसावं असं होतं.

याची मुळं जन्मापर्यंत जातात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नव्वदीच्या दशकात गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी झाली. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान होतं. पण पाठीवर खांद्याच्या पात्याखाली चिमटीत येणारी कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायूंवर खर्च कमी झाला आणि चरबी मात्र राखली गेली. अशा बाळाचं मोठेपणी वजन बेताचं राहिलं तरी स्नायूंच्या जागी चरबी भरलेली असू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ वरून खाली आणून २३ वर ठेवली गेली. रेघ खाली आली, ते बरं झालं. पण रेघ कितीही हलवली तरी चरबी कुठे आहे ते बीएमआय सांगणार नाही.

ती जागाच तर महत्त्वाची. मांडीवरची आणि कुल्ल्यावरची चरबी बऱ्याच अंशी गुपचूप साठून राहते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी तशी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेने थेट यकृतात पोचतात. यकृतात चरबी साचते, ते इन्शुलिनचं ऐकेनासं होतं, रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात. टेप पोटात शिरून हे पाहू शकत नाही. कातडीखालची चरबी कुठली आणि आतली कुठली हेही तिला वेगळं करता येत नाही. पण कंबर वाढली की आतलीही वाढलेली असण्याची शक्यता मोठी, आणि एवढं सांगणारं याहून स्वस्त साधन माझ्या पाहण्यात नाही.

आता एक माणूस मोजू. समजा, शेवगाव तालुक्यातले एक शेतकरी, वय ४५. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. १.६५ चा वर्ग २.७२, त्याने ६२ ला भागलं की बीएमआय २२.८. तेवीसच्या आत, म्हणजे उत्तम. ३४ इंची पँट घालतात, म्हणून कंबरही चौतीसच असं ते सांगतात. चौतीस इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, तेही बिनघोर. पण पँट पोटाच्या खाली, ढेरी जिथं संपते तिथं बांधलेली आहे. पँटीचं माप हे पँटीचं असतं, पोटाचं नव्हे.

आशाताई त्यांना पाय जुळवून उभं करते, हात सैल सोडायला लावते. बोटाने शेवटच्या बरगडीची खालची कड शोधते, मग कमरेच्या हाडाची वरची कड, आणि दोन्हींच्या बरोबर मधे टेप धरते. बेंबीवर विसंबत नाही, कारण पोट सुटलं की बेंबी खाली ढळते. मागे टेप वर गेली की खाली लोंबली, हे फिरून पाहते. टेप अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. आकडा येतो ९४. पुन्हा मोजते, पुन्हा ९४. दोन वेळच्या मापात एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला असता, तर तिसऱ्यांदा मोजावं लागलं असतं.

तिच्या हातातल्या सीबॅक नावाच्या फॉर्मवर पुरुषाची कंबर ९० पर्यंत असेल तर शून्य गुण, ९१ ते १०० ला एक, शंभराच्या वर दोन. बाईसाठी हीच पायरी ८० आणि ९० वर आहे. दादांच्या वयाचे दोन गुण, आईला मधुमेह म्हणून दोन, तंबाखू-दारू नाही, आठवड्यात अडीच तासांहून जास्त चालणं होतं म्हणून तिथेही शून्य. बेरीज चार. टेपेचा एक मिळवला की पाच. चारच्या वर गेलेल्या माणसाची तपासणी आधी करायची असते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हायचीच असते, पण रांगेत पुढे कोण येईल हे इथे टेपेच्या एका गुणाने ठरलं. त्या फॉर्मवर बीएमआयचा रकानाच नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

टेपेलाही फसवता येतं. बायकांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा खोल वळ असतो. टेप त्या वळात बसली की माप कमी येतं. निऱ्या खोचलेल्या जागेवरून घेतलं की कापडाचे थर मोजले जातात आणि माप वाढतं. नाडी सैल करून, आडोशाला, बाईनेच बाईचं माप घ्यावं लागतं. घाईत इंचांची बाजू वर आली तर वहीत ३७ लिहिलं जातं. कमरेच्या रकान्यात साठाच्या आतला आकडा दिसला की तो इंचाचा समजून पुन्हा मोजावं. जुनी कापडी टेप ओढून ओढून ताणली जाते आणि माप कमी दाखवू लागते. अधूनमधून ती स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली पाहिजे. गरोदर बाईला किंवा पोटात पाणी झालेल्या माणसाला तर टेप लावूच नये, तिथे तिचा आकडा निरर्थक आहे. आणि कंबर ९४ म्हणजे मधुमेह झाला असं नाही. तो ठरतो रक्ताच्या तपासणीनेच.

याच जिल्ह्यात जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं. नीट शिकवलं तर गावातली बाई अचूक काम करते, हे नगर जिल्ह्याला सांगायला नको. कंबर मोजणं त्याच जातीचं काम आहे. त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, पण बरगडी आणि हाड बोटाने शोधायची सवय लागते.

तुमच्या दारात ताई आली तर नाडी सैल करा, पोट आत ओढू नका आणि आकडा विचारून घ्या. घरी मोजायचं असेल तर शिंप्याची टेप चालते. स्वतःच्या उंचीच्या निम्म्याहून कंबर जास्त भरली, किंवा पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर वजन कितीही बेताचं असो, उपकेंद्रात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. तिथे दोन्ही तपासण्यांना पैसे पडत नाहीत.