चिंगी गेल्यानंतरची टिपणे

रजेच्या अर्जात ‘कारण’ या रकान्यात मी ‘घरगुती अडचण’ लिहिलं. आजोबा गेले तेव्हा ‘आजोबांचे निधन’ एवढं लिहिलं होतं आणि कुणी पुढं काही विचारलं नव्हतं. चिंगीचं मात्र तसं लिहिता येईना. स्टाफरूममध्ये विषय झाला असता आणि तो ऐकून घ्यायची ताकद माझ्यात नव्हती.

*

कानावर आलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवते.

“कुत्रंच ना?”

“तेरा वर्षं जगली, भरपूर झालं की.”

“माझ्या भाच्याकडे पिल्लं झालीत. एक आणून देऊ का?”

“घरावर येणारं काहीतरी तिनं अंगावर घेतलं बघ.” हे सासूबाईंच्या मैत्रिणीचं. मला ते पटत नाही. पण एवढ्या सगळ्यांत चिंगीच्या मरणाला काही वजन आहे असं मानणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या, म्हणून त्यांच्याजवळ मला रडता आलं.

*

चिंगी म्हातारपणानं गेली नाही. तिच्या किडन्या गेल्या होत्या. सुरुवातीला ती फक्त पाणी जास्त प्यायला लागली आणि रात्री दार उघडायला उठवायला लागली. उन्हाळा आहे, असं सगळ्यांना वाटलं. कुत्र्याच्या किडनीचं काम साधारण पाऊण भाग बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. म्हणजे रिपोर्ट हातात येतो तेव्हा पुष्कळसं होऊन गेलेलं असतं. क्रिएटिनिन पाचच्या वर गेलं की आजार शेवटच्या टप्प्यात धरतात. आमचा दुसरा रिपोर्ट त्याच्या पुढचा होता.

*

घरी सलाईन लावायला मी शिकले. कुत्र्याला ते शिरेतून न देता कातडीखालीही देता येतं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग खिडकीच्या गजाला अडकवायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून तंबूसारखी धरायची आणि त्या पोकळीत सुई घालायची. पाणी उतरेल तसा पाठीवर मऊ फुगवटा येतो, कधी तो घसरून पुढच्या पायावर उतरतो. काही तासांत अंगात जिरतो. पहिल्यांदा तो बघून घरातले घाबरले होते.

चिंगी तेवढा वेळ माझ्या मांडीवर हनुवटी ठेवून बसायची. संध्याकाळची ती वेळ आता माझ्याकडे तशीच पडून आहे. मी स्वयंपाक लांबवते, वह्या तपासते, तरी हात त्या गजाकडे जातो. माणसं म्हणतात, ‘मन रमव’. अडचण मनाची कमी आणि हातांची जास्त आहे. महिनोन्महिने हातांना जे काम होतं ते एका दुपारी संपलं.

*

अमेरिकेतल्या अॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांनी आजारी जनावरासाठी एक तक्ता केला आहे. सात गोष्टी बघायच्या: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-उठणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगण्यात अजून काही आहे असं समजायचं.

आमच्या डॉक्टरांनी त्यातलं शेवटचं तेवढं करायला लावलं. कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण: चांगला दिवस असेल तर टिंब, वाईट असेल तर फुली. चांगला दिवस कशाला म्हणायचं ते आधीच ठरवून घ्या, म्हणाले. आम्ही ठरवलं: आपणहून खाल्लं, दारापर्यंत चालत आली, आणि माझी गाडी वाजल्यावर कान उचलले. यातलं दोन झालं की टिंब.

त्या महिन्याच्या पानावर आधी टिंबांत फुल्या दिसत होत्या, नंतर फुल्यांत टिंबं दिसायला लागली. शेवटी तोंडाला उग्र वास यायला लागला, हिरड्यांवर फोड आले, आणि भातावर दूध घातलं तरी ती तोंड फिरवायची. ते पान मी फाडलेलं नाही. ‘घाई केलीस का?’ असं मन विचारतं तेव्हा मी ते पान बघते.

*

इंजेक्शनबद्दल कुणी मोकळं बोलत नाही, म्हणून लिहिते. आधी गुंगीचं देतात आणि जनावर शांत झोपतं. मग भूल देणाऱ्या औषधाचा फार मोठा डोस शिरेतून जातो आणि काही क्षणांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. थोड्या वेळानं एखादा खोल श्वास घेतल्यासारखं छाती हलते, लघवी होते. ते शरीराचं असतं, जनावराला त्यातलं काही कळत नाही. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं म्हणून तो श्वास मी सहन करू शकले. ज्यांना सांगितलेलं नसतं ते लोक ‘ती जिवंत होती का’ या विचारात कितीतरी दिवस काढतात.

पुरताना खड्डा खोल हवा, तीन-चार फूट तरी. ते औषध शरीरात राहतं. उघड्यावर टाकलेलं शव दुसऱ्या जनावरानं किंवा गिधाडानं खाल्लं तर तेही दगावतं. भावाच्या शेतात बांधाला खणताना गडी म्हणाला, “ताई, एवढं खोल माणसालाच करत्यात.” पण त्यानं खणलं.

*

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी 1989 मध्ये अशा दुःखावर एक पुस्तक संपादित केलं: समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यताच देत नाही ते. न जन्मलेलं मूल, घटस्फोटित जोडीदाराचं मरण, पाळलेलं जनावर. मान्यता नाही म्हणून सुतक नाही, भेटायला येणारं माणूस नाही, तेरावा नाही. आपल्याकडे हे जास्त जाणवतं, कारण आपल्याकडे माणसाच्या मरणात पहिले तेरा दिवस कुणी एकटं राहतच नाही.

*

रविवारी संगम माहुलीला गेले. साताऱ्यापासून जवळच, कृष्णा-वेण्णेचा संगम. तिथं थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं भुंकून महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. छत्रपतींच्या कुत्र्याला समाधी मिळाली यात नवल नाही. खंड्या मात्र उपकाराच्या नात्यानं लक्षात राहिला. चिंगीनं कुणाचा जीव वाचवला नव्हता. ती घरात होती, एवढंच. आणि दुःखासाठी एवढं पुरे आहे असं माझं मत आहे. जनावरानं काही पराक्रम केला असेल तरच रडायची परवानगी, हे मला मान्य नाही.

*

एक गोष्ट मात्र माणसाच्या मरणात सहसा नसते. आजोबा गेले तेव्हा ‘आता बस’ असं मी ठरवलं नव्हतं. इथं दिवस मी ठरवला, वेळ मी ठरवली, आणि ती माझ्या मांडीवर विश्वासानं झोपली. संमतीच्या कागदावर सही माझी आहे. ‘प्राणीच तर होता’ म्हणणाऱ्यांना वाटतं की प्राणी असल्यानं हे हलकं झालं. ती प्राणी होती, बोलू शकत नव्हती, म्हणूनच तिच्या वतीनं सगळं मला ठरवावं लागलं.

*

शाळेत एकीनं काल विचारलं, “नाव काय होतं गं तिचं? शेवटी फार त्रास झाला का?” पाच मिनिटं बोललो असू. बरं वाटलं.

तुमच्या ओळखीत कुणाचं जनावर गेलं असेल, तर एवढंच विचारा. नाव, आणि शेवटचे दिवस कसे गेले. पिल्लाचा विषय त्यांनी स्वतः काढेपर्यंत काढू नका.