उसनी जाग

परीक्षा आणि जागरण यांचे नाते फार जुने आहे. आमच्या वेळी या जागरणाला चहाचा आधार असे. कपभर चहा घ्यावा, तासभर रेटावे आणि शेवटी पुस्तकावरच डोके ठेवून निजावे! आजच्या मुलांना तेवढ्याने भागत नाही. आमचे भांडगाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे. टपरीवर चहाच्या किटलीशेजारी लाल-पिवळ्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या मांडलेल्या असतात. वीस रुपये टाकले की रात्रभराची जाग विकत मिळते, असा मुलांचा समज.

माझा पुतण्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या परीक्षेच्या वेळी मध्यरात्र उलटून अडीच वाजता त्याने माझे दार ठोठावले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. "तात्या, छाती फुटंल असं वाटतंय. बोटांना मुंग्या आल्यात. मी काय आता वाचत नाही!"

मी त्याला भिंतीला टेकवून बसवले आणि घड्याळ लावून नाडी मोजली. मिनिटाला एकशे अठरा. जलद खरी, पण ठोके एका लयीत पडत होते. मग यवतच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे एकेक प्रश्न विचारला. छातीत दाबल्यासारखे दुखते का? भोवळ आली का? ठोका चुकल्यासारखा लागतो का? उलट्या थांबत नाहीत का? झटका आला होता का? यांतले एक जरी असते, तर त्यांनी आम्हांला तडक 108 नंबरची गाडी बोलवायला लावली असती. सुदैवाने प्रत्येक उत्तर नाही असेच आले. तेव्हा ते म्हणाले, "आता सांगा, काय काय प्यायला?"

हिशेब निघाला तो असा. नऊपासून दोनपर्यंत पाच बाटल्या, त्यांतल्या तीन तर शेवटच्या दीड तासात. मध्ये दोन कप चहा. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत 100 मिलिलिटरला 29 मिलिग्रॅम कॅफीन लिहिले होते. म्हणजे 250 मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे 72, पाचांत 360. चहाचे धरून साडेचारशेला टेकले. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात 400 पुरे, असे युरोप-अमेरिकेतल्या अन्नसंस्था सांगतात. आणि बाटलीवरच छापलेले असते की दिवसाला 500 मिलिलिटरहून अधिक पिऊ नये, म्हणजे दोनच बाटल्या!

डॉक्टरांनी पुढे जे समजावले ते मला फार मोलाचे वाटले. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, आणि तेच आपल्याला झोपेची आठवण देते. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसते. थकवा जात नाही, त्याची हाक तेवढी ऐकू येत नाही. त्यातच कॅफीनने छाती धडधडू लागली की मुलाला वाटते, आपल्याला काही तरी झाले. भीतीने तो भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. मुंग्यांनी भीती आणखी वाढते. असा तो रहाट फिरत राहतो.

तो रहाट थांबवायचा तर श्वास हळू सोडायचा. मी चार आकडे मोजी तोवर त्याने श्वास घ्यायचा आणि सहा मोजी तोवर सोडायचा. वहिनींनी उतारा म्हणून ताक आणले. पण कॅफीनला उतारा नसतो, यकृत आपल्या चालीने ते बाहेर काढते. ताक पोटात गेले तर बिघडत नाही, इतकेच. वीस-पंचवीस मिनिटांत बोटांच्या मुंग्या गेल्या, नाडी शंभरावर आली.

झोप मात्र आली नाही. शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. अडीच वाजता त्याच्या अंगात तीनशेच्या आसपास असावे. म्हणजे सकाळी साडेसातला दीडशे, आणि दुपारी साडेबाराला, पेपर संपत आला तरी, एका अख्ख्या बाटलीइतके शिल्लक! पेपर त्याने दिला. परतल्यावर म्हणाला, "तात्या, उत्तरं येत होती, पण एकेक प्रश्न तीनदा वाचावा लागला." वाचलेले मनात मुरते ते झोपेत, त्या रात्री त्याला मुरायला वेळच मिळाला नव्हता.

2024 च्या जुलैत शाळांपासून 500 मीटरच्या आत ही पेये विकू देणार नाही, असे राज्याच्या मंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. पण कॉलेजातले पोर त्या 500 मीटरच्या पलीकडचे. त्याच्यासाठी बाटलीवरची बारीक अक्षरे आहेत. आता घरात अशी बाटली आली की आमच्या वहिनी चष्मा लावून ती आधी वाचतात आणि मगच झाकण उघडू देतात.