चड्डीला लागतंय ते जुलाब नाहीत

आजचा विषय जेवताना वाचू नका. पण घरात तीन ते आठ वर्षांचं मूल असेल तर वाचाच.

मी इथे यूकेत फार्मसीत काम करते. काउंटरवर आपल्याकडचे आईबाबा (मराठी असले की मी ओळखतेच) हळू आवाजात विचारतात, "याला सारखे जुलाब होतायत हो, चड्डी खराब होते, काही देता येईल का?" मी आधी एकच प्रश्न विचारते: शेवटची नीट, भरपूर शी कधी झाली? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आई बाबांकडे बघते, बाबा आईकडे.

एका मैत्रिणीच्या मुलाची गोष्ट सांगते, म्हणजे सगळं नीट लक्षात येईल. मुलगा साडेचार वर्षांचा, सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला गेला. घरी बाथरूममध्ये टमरेल, आई धुवून देणार. शाळेत कोरडा कागद, अर्धवट दार आणि बाहेर रांगेत उभी असलेली मुलं. त्याने मनातल्या मनात ठरवून टाकलं की शाळेत शी करायचीच नाही. ते कोणाला सांगितलं नाही, या वयात मुलं सांगत नाहीत.

आता आत काय होतं ते बघू. आतड्याचा अगदी शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. तो एरवी जवळजवळ रिकामा असतो. वरून शी आली की त्याची भिंत ताणली जाते आणि त्या ताणामुळे आपल्याला "लागली" असं कळतं. त्याच क्षणी आतली झडप आपोआप सैल होते, ती आपल्या हातात नसते. बाहेरची झडप मात्र आपल्या ताब्यात असते. मुलाने ती घट्ट आवळली की एकदोन मिनिटांत कळ ओसरते आणि शी तिथेच राहते. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेणं, ते काम थांबत नाही. त्यामुळे थांबलेली शी दर तासाला थोडी कोरडी, थोडी कडक होत जाते आणि वरून आणखी येऊन तिला चिकटते. चारपाच दिवसांनी ती बाहेर येते तेव्हा जाड असते, कडक असते आणि दुखते. कधी कातडी फाटून थोडं रक्तही येतं. मग मूल पुढच्या वेळी आणखी जोरात आवळतं, कारण आता त्याला दुखण्याची भीती असते. सुरुवात शाळेच्या टॉयलेटमुळे झाली होती, पण आता ते घरीही अडवून धरतं.

इथे घरच्यांची एक हमखास फसगत होते. मूल सोफ्यामागे जाऊन उभं राहतं, टाचा उचलतं, पाय एकमेकांत अडकवतं, चेहरा लाल होतो. आजी म्हणते, "बिचारा कुंथतोय." खरं तर तो कुंथत नसतो, आवळत असतो. शी बाहेर यावी म्हणून नाही, येऊ नये म्हणून त्याची ही धडपड असते.

मैत्रिणीच्या मुलाचं पोट ऑक्टोबरपासून दुखायला लागलं. जेवण झालं की बेंबीभोवती कळ, दहापंधरा मिनिटं विव्हळणं, मग खेळायला पसार. याचं कारण सरळ आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं जोराने पुढे ढकलायला लागतं, हा शरीराचा नियमच आहे. पण पुढे दार बंद. ढकलणारं आतडं, मागे अडकलेला वायू आणि समोर कडक गोळा, या ओढाताणीची ती कळ असते. भूकही मंदावते. त्यामुळे अशी मुलं पहिले चार घास खातात आणि "नको" म्हणतात.

मग नोव्हेंबरमध्ये चड्डीला पातळ लागायला लागलं. दिवसातून तीन-चार वेळा, चमचा दोन चमचे, घाण वास. शाळेने जुलाब समजून घरी पाठवलं, आणि इथे नियम असा की शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास शाळेत यायचं नाही. तो दोन दिवस घरी, पुन्हा शाळेत, पुन्हा चड्डी खराब, पुन्हा घरी. सांगलीहून आलेल्या आजीने मऊभात, ताक आणि साबुदाण्याची पेज सुरू केली. जुलाब असते तर ते योग्यच होतं.

पण जुलाब नव्हतेच. गुदाशयात आठवड्यानुआठवडे गोळा बसून राहिला की तो पिशवीसारखा ताणून मोठा होतो. ताणलेल्या भिंतीला नवीन शी आल्याचं कळेनासं होतं. जुना ताण कायमच असल्यामुळे आतली झडप सैलच राहते. वरच्या आतड्यात अजून पातळ असलेली शी खाली येते, गोळ्याच्या बाजूने वाट काढते आणि गळते. नाल्यात दगड अडकला तरी पाणी त्याच्या कडेने झिरपतंच की. मुलाला ते खरोखर कळत नाही. "तुला समजत नाही का, सांगता येत नाही का?" असं विचारलं तर त्याचं खरं उत्तर "नाही" असंच असतं. वाससुद्धा त्याला येत नाही, कारण आपल्याच वासाची नाकाला सवय होते. म्हणून ओरडणं, मोठ्या बहिणीसमोर चड्डी दाखवणं, "आता डायपर घालू का?" म्हणणं, यातून फक्त एक होतं: मूल चड्ड्या कपाटामागे लपवायला लागतं.

खरे जुलाब आणि हे गळणं यात फरक कसा ओळखायचा? जुलाबात मूल टॉयलेटकडे पळतं आणि बरीच पातळ शी होते. बहुतेक वेळा सोबत ताप किंवा उलटी असते, घरात आणखी कोणाला तरी झालेले असतात आणि पाचसात दिवसांत थांबतात. इथे मात्र थोडं थोडं, नकळत, आठवडेच्या आठवडे चालतं. मधूनच बकरीच्या लेंड्यांसारखे खडे पडतात, किंवा टॉयलेट तुंबेल अशी भली मोठी शी होते. इथे जीपीकडे शीच्या सात प्रकारांचा चित्रांचा तक्ता असतो, ब्रिस्टलचा, १९९७ साली प्रसिद्ध झालेला. त्यात पहिला प्रकार म्हणजे आपल्या लेंड्या आणि सातवा म्हणजे निव्वळ पातळ. एकाच मुलाला एकाच आठवड्यात पहिला आणि सातवा दोन्ही होत असतील तर तो जुलाब नाही, गोळा आहे असं समजून जीपीला फोन करा. तोपर्यंत जुलाब थांबवणारं कोणतंही औषध देऊ नका.

जीपीने मुलाचं पोट डाव्या बाजूला खाली दाबून पाहिलं, गोळा हाताला लागला. एक्सरे काढला नाही, आणि मैत्रिणीला ते खटकलं. पण पोट तपासून आणि नीट प्रश्न विचारून हे निदान होतं, एक्सरेची सहसा गरज नसते. यूकेत डॉक्टर ज्या २०१० च्या नाईसच्या मार्गदर्शक सूचना वापरतात, त्यात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांना पटायला जड जाते: पहिला उपाय म्हणून नुसता आहार बदलू नका, औषध द्या. केळी, पपई, मनुकांचं पाणी चांगलंच आहे. पण बसलेला गोळा त्याने हलत नाही. उलट वरून भरपूर चोथा घातला तर गोळा वाढतो.

औषध म्हणजे मॅक्रोगोलची पावडर. हे आतड्याला चिमटे काढणारं औषध नव्हे. ते ज्या पाण्यात मिसळलं ते पाणी धरून ठेवतं आणि आतड्याला शोषू देत नाही, त्यामुळे शी भिजून मऊ होते. म्हणूनच पाण्याचं माप महत्त्वाचं: लहान मुलांच्या एका पाकिटाला ६२.५ मिली पाणी. आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग हवं तर ज्यूस घालायचा.

गोळा काढण्यासाठी मुलाला चढता डोस मिळाला: पहिल्या दिवशी २ पाकिटं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ४, चौथ्या-पाचव्या दिवशी ६, त्यानंतर रोज ८. हा त्याच्या वयाचा ठरलेला क्रम. पाच वर्षांवरच्यांना वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या मुलाचा डोस जीपीच ठरवतील. आठ पाकिटं म्हणजे अर्धा लिटर पाणी. ते दिवसभरात बारा तासांत विभागून द्यायचं, आणि रोजचं प्यायचं पाणी त्याशिवाय वेगळं.

चौथ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. "अगं, हे तर वाढलंच! आता दिवसाला आठ चड्ड्या. बंद करते मी हे."

इथेच बरेच आईबाबा बंद करतात, माझ्या काउंटरवर हे नेहमी दिसतं. दोन आठवड्यांनी तेच मूल परत आधीच्या जागी. गोळा मऊ व्हायला लागला की कडेचं गळणं आधी वाढतं आणि पोटही जास्त दुखू शकतं. शक्य असेल तर हा आठवडा सुट्टीत घ्या. पाचव्या दिवशी त्याचे मोठाले तुकडे पडायला लागले, सातव्या दिवशी चहासारखं तपकिरी पाणी, त्यात थोडा चुरा. पोट रिकामं झाल्याची खूण ती. मधेच एखादी मोठी शी झाली म्हणून थांबायचं नसतं.

त्यानंतरचा भाग कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा. ताणलेली पिशवी पुन्हा आकाराला यायला महिने लागतात. तोपर्यंत शी रोज मऊ राहिली पाहिजे, म्हणजे भीती विसरायला वेळ मिळतो. त्याला रोज एक पाकीट लागलं, कधी दोन. "सवय लागेल" या भीतीने आजी ते लपवून ठेवायची. मॅक्रोगोलने आतडं आळशी होत नाही. घाईने थांबवलं तर गोळा मात्र परत बसतो. सगळं सुरळीत झाल्यावरही आणखी काही आठवडे द्यायचं आणि मग जीपीला विचारून हळूहळू कमी करायचं.

आजीची एक गोष्ट मात्र सोळा आणे खरी निघाली. ती म्हणायची, उकिडवं बसल्याशिवाय पोट साफ होत नाही. इथली नर्सही तेच सांगते, फक्त स्टूल देऊन: पाय टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा वर, अंग थोडं पुढे. नाश्ता आणि रात्रीच्या जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पाच मिनिटं बसवायचं, कारण आतडं तेव्हाच ढकलत असतं. साबणाचे फुगे फुंकायला दिले की पोटाचे स्नायू आपोआप कामाला लागतात. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी.

काही गोष्टी असतील तर मात्र थांबू नका: जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांनी किंवा त्याहून उशिरा झाली होती, त्रास अगदी पहिल्या आठवड्यांपासून आहे, शी रिबिनीसारखी चपटी येते, पाय कमजोर वाटतात, वजन वाढत नाही. हे जीपीला लगेच सांगा. पोट फुगून हिरवी उलटी होत असेल तर थेट हॉस्पिटलमध्ये न्या. मूल रात्री अंथरूण ओलं करायला लागलं असेल किंवा शूला जळजळ होत असेल तर तेही सांगा. भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब देतो.

शाळेशी बोलताना "जुलाब" हा शब्द वापरू नका, नाहीतर ४८ तासांचं चक्र पुन्हा सुरू. बद्धकोष्ठामुळे होणारी गळती आहे, संसर्ग नाही, असं लिहून द्या. ब्रिस्टलमधली एरिक ही मुलांच्या पोटाच्या आणि लघवीच्या तक्रारींसाठीची संस्था यावर पालकांना फोनवर मदत करते आणि शाळांसाठीही माहिती देते. मैत्रिणीच्या मुलाला शाळेने अपंगांसाठीचं स्वतंत्र टॉयलेट वापरू दिलं. दप्तरात ओले वाइप्स, दोन चड्ड्या आणि पाण्याची एक छोटी बाटली. त्या बाटलीला तो टमरेलच म्हणतो. वर्गशिक्षिकेलाही आता तो शब्द येतो.

कोणाला काही विचारायचं असेल तर मेसेज करा, मुलाचं नाव लिहू नका.