तळाची ओळ

निकाल लागला की मी ‘नमुना २०’ उतरवून घेतो आणि बेरजा करत बसतो. या तक्त्यात प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ आणि प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना असतो. उभ्या आणि आडव्या बेरजांची अखेर एकच आली पाहिजे. फरकाला ९ने भाग जात असेल, तर कुठे ५४चे ४५ झालेत का, हे मी आधी शोधतो.

मात्र सगळी केंद्रे जुळूनही बेरीज जाहीर आकड्यापेक्षा कमी भरते, कारण टपाली मते कोणत्याच केंद्राची नसतात. ती तळाशी वेगळी लिहितात. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईत यंत्रांवर अमोल कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकरांना ४,५१,०९४ मते होती. नुसती केंद्रे मोजणाऱ्याला कीर्तिकर एका मताने पुढे दिसतात. टपाली मते अनुक्रमे १,५०१ आणि १,५५० होती. ती धरली की वायकर ४८ मतांनी विजयी ठरतात.

आकडे जुळत नाहीत, अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी एवढेच विचारतो, “टपालाची ओळ धरलीत का?”