बाळंतिणीची उडालेली झोप आणि दोन गावांना गेलेलं पत्र

बाळंतीण झोपत नाही यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल. बाळ दर दोन तासांनी उठतं, टाके दुखतात, घरात पाहुणे असतात. म्हणून माझ्याकडे कुणी ‘हिला झोप नाही’ अशी तक्रार घेऊन आलं, की मी एकच प्रश्न विचारतो. बाळ झोपलेलं असताना, दुसरं कुणी बाळाजवळ बसलेलं असताना, हिला झोप लागते का? दमलेल्या बाईला लागते. ‘नाही डॉक्टर, तेव्हाही ती टक्क जागी असते, आणि दमल्यासारखीही दिसत नाही’ असं उत्तर आलं की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण जालना जिल्ह्यात अशी बाई थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे फार क्वचित जाते. आधी देवऋषी, मग गावचा डॉक्टर, मग ‘ताप मेंदूत गेला का बघा’ म्हणून आमच्यासारख्यांकडे. या आजाराला प्रसूतीपश्चात सायकोसिस म्हणतात. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना तो होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पाचवी आणि बारसं यांच्या आसपास. पाचवीच्या रात्री सटवाई येते म्हणून घर जागतं. बाळंतिणीचं वागणं त्याच दिवसांत बदललं, की ‘बाहेरचं झालं’ हा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही.

मी सांगतो त्या मुलीचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत. बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, माहेर भोकरदन तालुक्यात आणि सासर घनसावंगीकडे. प्रसूती साधी झाली. सहाव्या दिवशी भाऊ तिला घेऊन आला. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. आधी खूप बोलत होती, हसत होती, घर आवरत होती. मग अचानक गप्प. दूध कडू झालंय म्हणून बाळाला पाजेना. आदल्या संध्याकाळी आईला म्हणाली, ‘हे माझं नाही, दवाखान्यात बदललंय.’ माझ्यासमोर मात्र ती दहा मिनिटं अगदी शहाण्यासारखी बोलली.

हे नीट लक्षात ठेवा, कारण इथेच फसगत होते. हा आजार दिवसातून अनेकदा रूप बदलतो. सकाळी बाई ठीक दिसते, दुपारी भेदरलेली, रात्री ओळख विसरलेली. ‘आत्ता बरी आहे, उद्या बघू’ म्हणून घरी नेलं, तर तो उद्या फार महाग पडू शकतो. मी तिला आज वार कोणता विचारला. तिला सांगता आला नाही. बाळ तिने मांडीवर घेतलं, पण एकटक दाराकडे बघत राहिली. त्याची मान लोंबकळतेय हे तिच्या ध्यानात नव्हतं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यात बाईचं भान सुटत नाही. भान सुटलं, भलत्याच गोष्टींवर ठाम विश्वास बसला, नसलेले आवाज ऐकू आले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जायचं. पूर्वी कधी मानसिक आजार झाला नव्हता, हे कारण पुरत नाही. अनेक जणींना तो पहिल्यांदा इथेच होतो. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना बायपोलर आजार आहे, त्यांनी तर गरोदरपणातच डॉक्टरांना तसं सांगून ठेवावं.

फिजिशियन म्हणून माझं काम पुढे सुरू होतं. याच दिवसांत गर्भाशयातल्या जंतुसंसर्गाने, वाढलेल्या रक्तदाबाने किंवा मेंदूच्या शिरेत रक्त गोठल्यानेही बाई अशीच बरळू शकते. तिचं तापमान, नाडी, रक्तदाब, साखर पाहिली. पोट दाबून पाहिलं, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी आहे का विचारलं, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, सोडियम, थायरॉईड तपासायला पाठवलं. डोकं ठणकत होतं का, झटका आला होता का, एखादा हातपाय लुळा वाटतो का? यातलं काही असतं तर आधी मेंदूचा स्कॅन करावा लागला असता. ताप नव्हता, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन साडेआठ. तेवढ्याने असं होत नाही.

मग तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल मनात काही भीतीचे विचार येतात का? कुणी काही करायला सांगतंय का?’ हा प्रश्न ऐकून नातेवाईक दचकतात. विचारल्याने विचार मनात येत नाही. असलेला बाहेर येतो. ती म्हणाली, ‘आवाज सांगतो, विहिरीवर जा, तिथं खरं बाळ आहे.’ त्यानंतर तिला घरी सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

ती दाखल व्हायला तयार नव्हती. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार, जिवाला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका असेल, तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी, जो बहुधा जवळचा नातेवाईकच असतो, हजर असल्यास त्याची संमती घ्यायची. तिला मानसोपचार विभागात हलवणं याच तरतुदीत बसतं. नवऱ्याने फोनवर संमती दिली आणि तो निघाला. गाडीत तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसवली, बाळ मावशीकडे दिलं. हात बांधू दिले नाहीत.

बाळाचं काय, यावरून दाराशीच वाद झाला. आजी म्हणाली, ‘लेकराला मी घरी नेते, वेडाच्या वॉर्डात नको.’ तिची भीती खरी होती. पण आईपासून बाळ तोडलं, की दूध आटतं आणि ‘माझं बाळ नेलं’ हा तिचा भ्रम खरा ठरल्यासारखा होतो. बरी झाल्यावर ते बाळ पुन्हा आपलंसं करणंही तिला जड जातं. त्याच कायद्यात तरतूद आहे, की तीन वर्षांखालचं मूल दाखल झालेल्या आईपासून सहसा वेगळं करू नये. मुलाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञाला वाटलं, तरच तात्पुरतं वेगळं करायचं, तेव्हाही देखरेखीखाली भेट द्यायची आणि तो निर्णय दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायचा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2009 पासून आई-बाळासाठी स्वतंत्र कक्ष आहे. आपल्याकडे तशी सोय नसली, तरी एक खाट, एक पाळणा आणि जागी माणसं एवढ्यावर पुष्कळ निभावतं.

त्या घराने पाळी लावली. दिवसा आई आणि मावशी, रात्री नणंद. बाळ क्षणभरही तिच्याकडे एकटं द्यायचं नाही, तिला ‘मी एवढी वाईट आहे का’ असं वाटलं तरी. पाजायला ती बसायची, शेजारी कुणीतरी असायचं. रात्री मात्र तिला उठवायचं नाही. आधी काढून ठेवलेलं दूध नणंद वाटी-चमच्याने पाजायची, कारण सलग पाच-सहा तास झोप हाही उपचाराचाच भाग होता. रात्रीच्या गोळीने झोप गाढ लागते, म्हणून बाळ तिच्या अंथरुणात झोपवायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी ओलांझापिन निवडलं होतं; ते घेताना बहुतेक वेळा अंगावर पाजता येतं, फक्त बाळ फार सुस्त होत नाही ना, ओढून पितं ना, वजन वाढतं ना, हे बघत राहायचं. लिथियमसारख्या औषधाचा हिशेब वेगळा असतो, त्यात बाळाच्या रक्ततपासण्या येतात. चौथ्या दिवशी ती सलग झोपली. दहाव्या दिवशी म्हणाली, ‘हे माझंच आहे, पण मधेच शंका येते.’ अठराव्या दिवशी घरी निघाली. बाळ तेव्हा चोवीस दिवसांचं होतं, तीन किलोचं.

आता पत्राची गोष्ट. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि ‘ओपीडीत दाखवा’ एवढंच असतं. त्यातून आशाताईंना काय कळणार? आणि मुळात कोणत्या आशाताईंना? रुग्णालयातल्या प्रसूतीनंतर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. सातवी, चौदावी, एकविसावी भेट आमच्या मुलीच्या वॉर्डमुक्कामात गेली. अठ्ठाविसावी माहेरच्या गावात होणार होती. सव्वा महिना झाला की ती सासरी जाणार, म्हणजे बेचाळिसावी भेट दुसऱ्या तालुक्यात, जिथल्या आशाच्या वहीत ही बाळंतीण नव्हतीच.

म्हणून मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून मी मराठीत दोन पानी पत्र लिहिलं. एक प्रत माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक सासरच्या, एक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला. पत्र तिला वाचून दाखवलं. विहिरीचा उल्लेख आशापर्यंत जाऊ नये असं ती म्हणाली. तो फक्त डॉक्टरांच्या प्रतीत ठेवला. पाकिटं बंद करून नवऱ्याच्या हाती दिली. पत्राचा फोटो आरोग्य केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, हे वर ठळक लिहिलं. गावात एकदा नाव पडलं की पुसत नाही.

पत्रातला कामाचा भाग असा होता: ‘ओलांझापिन 10 मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर एक. गोळी आई देते, सासरी गेल्यावर नवरा देईल. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत. संपण्याआधी दोन दिवस पाकीट मोजावं. बरं वाटतं म्हणून बंद करू नये. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप, दूध कडू असल्याचं बोलणं, बाळ बदललं असल्याची शंका, यांपैकी एकही दिसलं तर त्याच दिवशी खालील नंबरवर फोन करून 108 ने रुग्णालयात आणावं. ती फार गप्प, रडवेली, अपराधी दिसली तर तेही कळवावं. आजार उतरताना नैराश्य येतं. आशाने प्रत्येक भेटीत बाळाचं वजन घ्यावं आणि रात्री बाळाजवळ कोण झोपतं ते विचारावं.’

‘रुग्णावर लक्ष ठेवावे’ हे वाक्य मी मुद्दाम टाळतो. त्यातून कुणालाच काही करायचं नसतं. तिच्या आजाराची पहिली चिन्हं तिच्याच शब्दांत लिहिली, की सासूलाही ओळखता येतात. आडवेळी काही विचारायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा नंबर मराठीतही बोलतो, तोही पत्राखाली लिहिला.

शेवटचा परिच्छेद पुढच्या बाळंतपणाबद्दल होता. हा आजार एकदा झाला, की पुढच्या खेपेला साधारण दोघींपैकी एकीला तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून गर्भनिरोधनाबद्दल आत्ताच बोलावं, दिवस राहिले तर गोळ्या आपल्या मनाने बंद न करता पहिल्याच महिन्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं आणि पुढच्या गरोदरपणाच्या कार्डावर हे लिहून घ्यावं, असं त्यात होतं. बेचाळिसाव्या दिवशी सासरच्या आशाताईंचा फोन आला. वजन चार किलोच्या जवळ, झोप सहा तास, गोळ्या मोजल्या. फक्त एक शंका होती: सासू रात्री शेजारच्या खोलीत झोपते, चालेल का? मी म्हटलं, अजून महिनाभर तरी त्याच खोलीत झोपायला सांगा.