खाडा

पुण्यात घरून डबे देणाऱ्या एका काकूंनी आठवड्याच्या वर्गणीसाठी साइट करून घेतली आणि तिच्यावरचा मजकूर मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. शब्द थोडेच होते. अडलं ते तीन बटणांशी : स्किप, पॉज आणि रिन्यू.

स्किपसाठी शब्द शोधावा लागला नाही. दुधाचा, कामवाल्या बाईंचा, खानावळीचा, सगळ्यांचा ‘खाडा’च असतो. मात्र खाडा सांगायला वेळ असते. काकूंकडे ती रात्री नऊ, कारण त्यानंतर उसळीचं कडधान्य मोजून भिजत पडतं आणि पहाटेच्या पोळ्यांची कणीक ठरते. सकाळी सांगितलेला खाडा खाणाऱ्याचा. डबा तोवर झालेला असतो. म्हणून बटणावर लिहिलं, ‘उद्या खाडा’.

पॉजपाशी मी थांबले. मराठीत नुसतं ‘थांबवा’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो : काय थांबवा? डबा की पैसे? इंग्रजी शब्दाने ते सांगितलंच नव्हतं. साइट करणाऱ्या मुलाला विचारलं, तर त्यालाही पाहून सांगावं लागलं.

आम्ही एक आठवडा कागदावर मांडला. सोमवार ते शनिवार सहा डबे, नव्वद रुपयांप्रमाणे ५४० रुपये. एकाने सोमवारी, मंगळवारी डबा घेतला, बुधवारी एकादशीचा खाडा केला, गुरुवारी जेवला आणि त्याच संध्याकाळी गावी जायचं म्हणून पॉज दाबलं. तीन डबे खाल्ले, तीन शिल्लक. पण नूतनीकरण तारखेला बांधलेलं होतं; पॉजने डबे थांबत, तारीख नाही. रविवारी खात्यातून आणखी ५४० रुपये गेले असते, तेही माणूस गावी आणि तीन डबे देणं बाकी असताना.

मुलाने मग वसुली तारखेवरून काढून शिल्लक डब्यांना जोडली. तिथेही एक पेच होता. अशा आपोआप वसुलीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे शेवटचा डबा संपल्यावर जागं होऊन चालत नाही. दोन डबे उरले की सूचना निघते आणि शेवटचा पोचल्यावर पैसे जातात. मधेच कुणी डबा बंद केला तर वसुलीही थांबते आणि परतल्यावर सूचना नव्याने जाते.

पॉजचं झालं ‘परत येईपर्यंत बंद’, खाली परतीची तारीख. ती काकूंनीच मागितली. भाजी त्या आठवड्याची एकदम आणतात आणि बेमुदत बंद असलेला माणूस त्यांना यादीत धरता येत नाही, काढताही येत नाही.

रिन्यूला मी ‘नूतनीकरण’ लिहिलेलं पाहून काकू म्हणाल्या, “अहो, ते घराचं करतात. डबा चालू ठेवायचा ना?” बटणावर आता ‘चालू ठेवा’ आहे.